पॉलिकार्बोनेटच्या गार्डला स्क्रूपासून तडे, आणि गॉगलमधून दिसणारे रंगीत पट्टे

अक्कलकोटरोड | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मेंटेनन्स बघतो. वार्पिंग मशिनच्या पुढे आमच्याकडे पारदर्शक गार्ड आहे. पॉलिकार्बोनेटची शीट, ८०० बाय ४०० मिमी, जाडी ५ मिमी. लोखंडी अँगलच्या फ्रेमवर चारही बाजूंनी ६ मिमीच्या काउंटरसंक स्क्रूंनी आवळलेली. भोकंही ६ चीच पाडलेली आहेत. मे महिन्यात बसवली तेव्हा काचेसारखी स्वच्छ होती. डिसेंबर लागला आणि कोपऱ्यातल्या स्क्रूंपासून केसासारखे तडे निघायला लागले. आता जानेवारीत दोन तडे बोटभर लांब झालेत.

आमच्या सुपरवायझरकडे पोलराइज्ड गॉगल आहे. मशिन बंद करून, मेन स्विच पाडून, गार्डच्या मागे लॅपटॉप ठेवला, स्क्रीन पूर्ण पांढरी केली आणि गॉगल तिरका करत गेलो. स्क्रीन काळी झाली त्या कोनात थांबलो, तर शीटमध्ये रंगच रंग. स्क्रूंभोवती पट्टे इतके दाट की मोजता येत नाहीत. शीटचा मधला भाग मात्र काळा, रंगच नाही. आणि जुन्या सेन्सरचं २० मिमीचं एक रिकामं भोक आहे, त्याच्याभोवती गोल गोल कडी.

माझा प्रश्न साधा आहे. जिथे रंग तिथे शीट फुटणार आणि मधला काळा भाग ठणठणीत, असं समजायचं का? फोटो चिकटवतोय.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९:४०

हो, तसंच. रंग म्हणजे ताण. काळा म्हणजे शून्य, निळा म्हणजे थोडा, लाल म्हणजे धोका. आमच्याकडे मोल्डिंगच्या पार्टला असंच बघतात. मधली शीट बिनधास्त आहे, तिकडे बघूही नका. स्क्रू अर्धा फेरा ढिले करा, लाल गेलं की काम झालं.

---

रंगभवन | सोमवार, रात्री १०:०५

माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर पण पोलराइज्ड गॉगलमधून काळपट ठिपक्यांची रांग दिसते. शोरूमवाला म्हणाला काही नाही. काच फुटणार आहे का ती? बदलून मागू का?

---

भुईकोट | सोमवार, रात्री ११:१८

रंगभवन, ती काच बदलायची गरज नाही. मागची काच टफन केलेली असते. तापवून तिच्यावर नळ्यांमधून हवेचे झोत मारतात, म्हणजे बाहेरचा थर आधी गार होतो आणि कायमचा दाबाखाली राहतो. झोत जिथे लागला तिथे गार होणं थोडं वेगळं, त्याचे ते ठिपके. आभाळाचा उजेड आधीच थोडा ध्रुवित असतो म्हणून दुसरा पोलरायझर नसतानाही ते दिसतात. सगळ्याच टफन काचांना असतात.

आता मूळ प्रश्न. शेंगाचटणी यांचं ‘रंग म्हणजे ताण’ हे ढोबळमानाने बरोबर आहे, पुढचं नाही. गार्डच्या बाबतीत नेमका तोच भाग महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाल म्हणजे धोका, हे डोक्यातून काढा. ताण शून्यापासून वाढत गेला की रंग असे येतात: काळा, करडा, पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, मग एक जांभळी रेघ, मग निळा, हिरवा, पुन्हा पिवळा, पुन्हा लाल. जांभळी रेघ आली की एक फेरी पूर्ण झाली. लाल प्रत्येक फेरीत येतो. त्यामुळे एका ठिकाणचा नुसता रंग बघून काही कळत नाही. जवळच्या खऱ्या काळ्या जागेपासून किती फेऱ्या ओलांडल्या ते मोजावं लागतं. चार-पाच फेऱ्यांनंतर रंग विरून नुसते गुलाबी आणि फिकट हिरवे उरतात. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा वाचतो तसे हे पट्टे वाचायचे. रेषा दाट असतील तर चढ तीव्र, पण आपण किती उंचीवर आहोत ते पायथ्यापासून मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. हे पट्टे ताण दाखवतच नाहीत, दोन दिशांच्या ताणांमधला फरक दाखवतात. शीटच्या कुठल्याही बिंदूवर एकमेकांना काटकोनात अशा दोन दिशा असतात, एकीत ओढ सर्वांत जास्त, दुसरीत सर्वांत कमी. उजेडाचे दोन भाग या दोन दिशांनी वेगवेगळ्या वेगाने जातात आणि बाहेर पडताना त्यांच्यात जे मागे-पुढे झालेलं असतं त्याचा रंग होतो. दोन्ही दिशांना सारखीच ओढ असेल तर मागे-पुढे काही होत नाही. शीट कितीही ताणलेली असो, काळीच दिसणार.

तुमची शीट चारही बाजूंनी आवळलेली आहे. म्हणून मधला काळा भाग बघून ती निर्धास्त आहे असं मी म्हणणार नाही.

---

शेंगाचटणी | मंगळवार, सकाळी ७:५०

सर, हे नवीन आहे माझ्यासाठी. पण मग काळा भाग ताणाखाली आहे की मोकळा आहे हे ओळखायचं कसं? शीट कापून?

---

भुईकोट | मंगळवार, सकाळी ८:३१

कापायची गरज नाही. अक्कलकोटरोड यांच्याकडे सेन्सरचं रिकामं भोक आहे, तेच सांगेल.

मोकळ्या कडेला, म्हणजे शीटचा सुटा काठ असो की रिकाम्या भोकाचा, काठाला काटकोनात जाणारा ताण शून्यच असतो, कारण पलीकडे ओढायला काही नाही. मग फरक म्हणजेच काठाच्या बाजूने जाणारा पूर्ण ताण. त्या एका रेषेवर पट्ट्यांची संख्या थेट ताण सांगते. स्क्रू घातलेल्या भोकाला हे लागू नाही, तिथे स्क्रू आतून रेटतोय.

पण आधी तुमच्या शीटची मोजपट्टी तयार करा. त्याच शीटचा उरलेला तुकडा असेल तर २० मिमी रुंद, फूटभर लांब पट्टी कापा. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. वरचं टोक शिकंजात, खालच्या टोकाला बादली. लॅपटॉप पट्टीच्या मागे, आणि पट्टी स्क्रीनच्या पोलरायझरच्या दिशेला ४५ अंशांत राहील असा लॅपटॉप तिरका करा. स्क्रीनवर पूर्ण हिरवं पान उघडा, पांढरं नको. हिरव्यात रंगांचा गोंधळ जातो, नुसते काळे आणि हिरवे पट्टे दिसतात आणि ते पुष्कळ पुढपर्यंत मोजता येतात. मग बादलीत लिटरने पाणी ओतत जा. पट्टीचा मधला भाग आधी काळा असेल, उजळेल, पुन्हा काळा होईल. दुसऱ्यांदा पूर्ण काळा झाला की एक फेरी. तेवढं वजन लिहून ठेवा, बादलीचं वजन धरून.

शिकंजाजवळ किंवा बादलीच्या भोकाजवळ बघू नका, तिथला ताण वाकडातिकडा असतो. पट्टी जाड की पातळ याने या प्रयोगात फरक पडत नाही. जाडी दुप्पट केली तर ताण निम्मा होतो, पण उजेडाचा रस्ता दुप्पट होतो. रुंदी मात्र नीट मोजा.

---

नवीपेठ_ऑप्टिकल | मंगळवार, दुपारी १:२२

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे म्हणून लिहितो. चष्म्याच्या दुकानात दोन पोलरॉइड आणि मागे दिवा अशी छोटी पेटी असते. काच फ्रेममध्ये बसवल्यावर त्यात धरतो. काच मोठी घासली गेली असेल आणि फ्रेमचा स्क्रू आवळला असेल तर कडेने पांढऱ्या-पिवळ्या जिभा आत येताना दिसतात. मग काच काढून थोडी अजून घासायची.

रिमलेसमध्ये काचेलाच भोक पाडून स्क्रू लावतात, आणि सगळ्या तक्रारी त्या भोकापासूनच्या तड्यांच्या. गिऱ्हाईक म्हणतं काच हलकी दिली. पेटीत बघितलं की भोकाभोवती फुलासारखा उजेड. आम्ही प्लास्टिकचं बुश घालतो आणि स्क्रू हाताला लागला की थांबतो. पॉलिकार्बोनेटच्या काचा असिटोनने पुसणारं गिऱ्हाईक आलं तर त्याच्याकडून मात्र काही वाचत नाही.

---

सुवर्णा_जुळे | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

मी जुळे सोलापुरात नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. धागा वाचून आज वर्गात लॅपटॉप आणि गॉगल घेऊन बसलो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, जी कंपासपेटीत असते ती, हातात नुसती धरली तरी रंगांनी भरलेली दिसते. तिच्यावर काहीच भार नाही. मग हे रंग कसले? दोन, ॲक्रिलिकचा एक तुकडा होता, तो मुलांनी दोन्ही हातांनी वाकवला तरी जेमतेम करडा-पांढरा झाला. त्यात ताण येत नाही का?

आणि अक्कलकोटरोड दादांच्या फोटोत भोकाभोवती कडी आहेत पण त्यांना एक काळी फुली छेदून गेल्यासारखी दिसते. एका मुलीने विचारलं, फुलीच्या चार दिशांना ताण नाही का? मला उत्तर देता आलं नाही.

---

भुईकोट | मंगळवार, रात्री १०:०२

सुवर्णाताई, त्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, त्यापासून सुरू करतो.

फुली ताणाची नाही, पोलरायझरची आहे. ताणाची दिशा पोलरायझरच्या दिशेशी तंतोतंत जुळली की उजेडाचे दोन भागच होत नाहीत. तो एका दिशेनेच जातो आणि दुसऱ्या पोलरायझरवर अडतो. तिथे ताण कितीही असला तरी काळं दिसतं. गोल भोकाभोवती ताणाच्या दिशा परिघाने आणि त्रिज्येने जातात, त्यामुळे चार ठिकाणी हा योग येतो आणि फुली उमटते. ओळखायची खूण अशी: लॅपटॉप आणि गॉगल दोन्ही बरोबरीने फिरवा, शीट जागेवर ठेवा. फुली त्यांच्याबरोबर फिरेल, कडी हलणार नाहीत. जे फिरतं ते दिशा सांगतं, जे स्थिर राहतं ते फरक सांगतं. मुलांकडून हे करून घ्या, एकदा फिरताना पाहिलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

ॲक्रिलिकमध्ये ताण येतो, दिसत नाही. सारख्याच ताणाला पॉलिकार्बोनेट जेवढ्या फेऱ्या दाखवतं, त्याच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाएवढ्या ॲक्रिलिक दाखवतं. म्हणून ॲक्रिलिकमध्ये रंग नाहीत यावरून ते मोकळं आहे असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका.

कंपासपेटीतल्या पट्टीचं जरा वेगळं. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरताना त्याचे लांब रेणू वाहण्याच्या दिशेने ओढले जातात आणि गार होताना तसेच गोठतात. त्या रांगेमुळेही उजेडाचे दोन वेग होतात आणि रंग दिसतात. त्यात खरा ताण थोडाच असतो, बराचसा भाग या गोठलेल्या रांगेचा. फरक बघायचा तर पट्टीचा मधून एक बारीक काप काढा. ताण असेल तर कापल्यावर सुटतो आणि रंग बदलतात, रांग असेल तर रंग जसेच्या तसे. साच्यात प्लास्टिक जिथून शिरलं त्या टोकाला पट्टे पंख्यासारखे पसरलेले दिसतील, तेही मुलांना दाखवा.

वर्गासाठी आणखी एक. जिलेटिनची घट्ट जेली वापरा. ती इतकी संवेदनशील असते की बोटाने हलकं दाबलं तरी रंग सरकतात. काचेवर दाब दिला की असं होतं हे ब्रूस्टरने १८१५-१६ च्या सुमाराला दाखवलं होतं, आणि १८५० मध्ये मॅक्सवेलने जेलीला पीळ देऊन आतल्या ताणाच्या दिशा याच रीतीने पाहिल्या. तेव्हा तो विशीतही नव्हता.

---

अक्कलकोटरोड | गुरुवार, रात्री ८:५५

मोजून आलो. आज सकाळी सातच्या सुमाराला, शेडमध्ये १५ अंश होतं.

पट्टी: रुंदी २० मिमी. भार नसताना बऱ्यापैकी काळी होती, किंचित करडी. हिरव्या उजेडात दुसऱ्यांदा पूर्ण काळी झाली तेव्हा बादलीसकट १३ किलो. पुढे ओतत गेलो तर २६ च्या जवळ पुन्हा काळी. म्हणजे हिशोब जुळतो.

सेन्सरचं भोक: सेन्सर आणि ब्रॅकेट काढलेलं, भोक रिकामं, व्यास २० मिमी. हिरव्यात बघितलं. एक काळं कडं भोकाच्या कडेला अगदी चिकटून. दुसरं कडेपासून दीड मिमीवर. तिसरं चार मिमीच्या आसपास. चौथं दहा मिमीच्या जवळ, पण ते रुंद आणि पसरट आहे, नेमकी जागा सांगता येत नाही. त्याच्या बाहेर एक उजळ पट्टा आणि मग पुढे हळूहळू काळं होत जातं. कडी गोलच आहेत, लांबट नाहीत. फुली फिरवून बघितली, सर म्हणाले तसंच, ती फिरते, कडी जागेवर.

---

भुईकोट | गुरुवार, रात्री १०:४०

तुम्ही फार सुंदर मोजलंय. आता हे आकडे बोलते करू.

आधी पट्टी. १३ किलो म्हणजे साधारण १२७ न्यूटन. २० मिमी रुंदीने भागा, ६.४ आले. म्हणजे तुमच्या शीटला हिरव्या उजेडात एका फेरीसाठी दर मिमी रुंदीला ६.४ न्यूटन लागतात. सोडियमच्या पिवळ्या उजेडात पॉलिकार्बोनेटचा आकडा ७ च्या आसपास धरतात, हिरव्यात तो याच प्रमाणात कमी होतो. म्हणून तुमचं मोजमाप मला खरं वाटतं.

आता भोक. दूरवरून, जिथे काळं म्हणजे शून्य फेरी, तिथून आत मोजत या: पसरट कडं पहिली फेरी, मग दुसरी, तिसरी आणि कडेला चिकटलेली चौथी. काठावर चार फेऱ्या. ४ गुणिले ६.४ भागिले जाडी ५, म्हणजे ५.१ मेगापास्कल. हा भोकाच्या काठाने जाणारा खरा ताण.

यापेक्षा मला कड्यांच्या अंतराची मजा वाटते. शीट दोन्ही दिशांना सारखी ओढलेली असेल तर भोकाभोवतीचा फरक केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने कमी होतो. काठ केंद्रापासून १० मिमीवर, तिथे ४ फेऱ्या. मग ३ फेऱ्या ११.५ मिमीवर, २ फेऱ्या १४.१ वर, १ फेरी २० वर यायला हवी. काठापासून मोजलं तर दीड, चार आणि दहा. तुम्ही हेच लिहिलंय. एकाच दिशेने ओढ असती तर कडी गोल राहिली नसती, फुलपाखराच्या पंखांसारखी झाली असती, आणि दूरचा भाग काळा न राहता कुठल्यातरी रंगाचा दिसला असता.

म्हणजे मधला काळा भाग दोन्ही दिशांना सारखा ताणलेला आहे. अशा ओढीत भोकाच्या काठावर दूरच्या ताणाच्या दुप्पट ताण येतो. म्हणून मधल्या शीटमध्ये प्रत्येक दिशेला सुमारे अडीच मेगापास्कल आहेत, आणि डोळ्याला तिथे काहीच दिसत नाही.

हा आला कुठून? मे महिन्यात दुपारी बसवली असेल तर शीट ४० अंशांवर होती. आज १५. पॉलिकार्बोनेट एका अंशाला मीटरमागे साधारण ६८ मायक्रोमीटर आकसतं, लोखंड १२. फरक ५६. ८०० मिमी लांबी आणि २५ अंशांना हा फरक १.१ मिमी होतो. ६ च्या भोकात ६ चा स्क्रू, शीटला सरकायला जागाच नाही. जराही ढळू न देता दोन्ही बाजूंनी धरली असती तर मधल्या भागात पाचेक मेगापास्कल यायला हवे होते. तुमच्याकडे निम्मे आहेत. स्क्रू ठरावीक ठिकाणीच धरतात, अँगलही थोडा वाकतो, आणि मे महिन्यापासून प्लास्टिक स्वतःहून थोडं सैल पडलं असेल. यातलं किती कशामुळे ते या मोजणीतून वेगळं काढता येणार नाही.

एक तपासणी राहिली. पट्टे ओढ आहे की दाब हे सांगत नाहीत, दोन्हीला तेच रंग. तुमची १३ किलोची पट्टी भार असतानाच भोकाच्या काठासमोर, काठाला समांतर धरा. काठावरची फेरी एकने वाढली तर ओढ, एकने घटली तर दाब.

---

शेंगाचटणी | शुक्रवार, सकाळी ८:१५

सर, सगळं पटलं, पण एक अडतंय. पॉलिकार्बोनेट ६० मेगापास्कलच्या आसपास जाऊन मग ताणलं जातं. इथे काठावर ५ आहेत, मध्ये अडीच. याने तडा कसा जाईल? हातोडीने न फुटणारी शीट आहे ही.

---

भुईकोट | शुक्रवार, सकाळी ९:०७

बरोबर पकडलंत. एवढ्या ताणाने एकट्याने तडा जाणार नाही. दोन गोष्टी आणखी हव्यात.

एक, काउंटरसंक स्क्रूचं डोकं. ते पाचरीसारखं आत घुसतं आणि भोक बाहेर ढकलतं, त्यामुळे भोकाभोवती परिघाने ओढ येते. थंडीतली ओढ वर त्यात मिळते. तिथले पट्टे मोजता येत नाहीत इतके दाट आहेत हे अक्कलकोटरोड यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

दुसरी, काहीतरी रसायन. ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला थिनर, पेट्रोल, असिटोन, टोल्युइन लागलं की अगदी कमी ताणालाही केसासारखे तडे फुटतात. वर नवीपेठ यांनी असिटोनचं लिहिलंच आहे. अक्कलकोटरोड, गार्ड कशाने पुसता?

---

अक्कलकोटरोड | शुक्रवार, दुपारी २:३०

पट्टी समोर धरून बघितली. फेरी वाढली. म्हणजे ओढच.

पुसण्याचं: कापसाचा लिंट आणि तेलाचे डाग बसतात, पोरं थिनरच्या बोळ्याने पुसतात. महिन्यातून एकदोनदा. आणि स्क्रू मशिनच्या थरथरीने ढिले होतात म्हणून आटे धरून ठेवणारं लॉकिंग लिक्विड लावतो. तेही काही करतं का?

---

नवीपेठ_ऑप्टिकल | शुक्रवार, दुपारी ३:१०

ते लिक्विडच असणार! रिमलेसच्या स्क्रूला आमच्या एका कारागिराने लावलं होतं, पॉलिकार्बोनेटच्या काचा आठवड्यात तडकल्या. तेव्हापासून आम्ही फक्त नायलॉनचा नट वापरतो.

---

शेंगाचटणी | शुक्रवार, दुपारी ३:४८

मला थिनर वाटतंय. लिक्विड सगळ्या स्क्रूंना लावलं असेल ना, मग तडे कोपऱ्यातच का? पुसताना बोळा कोपऱ्यात जास्त घासला जातो, तिथेच तेल साचतं. आणि खरं सांगायचं तर मी असतो तर टफन काच लावून मोकळा झालो असतो.

---

भुईकोट | शुक्रवार, रात्री ९:५०

लिक्विडबद्दल नवीपेठ यांचं बरोबर आहे, ओलं असताना ते पॉलिकार्बोनेटला तडे पाडतं, हे त्याच्या माहितीपत्रकातही सहसा दिलेलं असतं. थिनरबद्दल शेंगाचटणींचंही बरोबर. कोपऱ्यातच का, यावर माझं तिसरं म्हणणं: मध्यापासून सर्वांत लांब कोपरेच. आकसण्याची सगळी हालचाल तिथे येऊन अडते, म्हणून तिथल्या स्क्रूवर ओढ जास्त. तिन्हींमधलं मुख्य कोणतं हे पट्टे सांगू शकत नाहीत. ते ताण कुठे आणि किती ते सांगतात, थेंब कशाचा पडला ते नाही.

टफन काचेचं मला पटत नाही. वार्पिंगला एखादा जड तुकडा उडून लागला तर काच भुगा होऊन खाली येईल आणि समोर माणूस उघडा. गार्डला पॉलिकार्बोनेटच हवं.

शीट नवी घ्या, तडा गेलेली पुन्हा बसवू नका. भोकं ९ मिमीची पाडा, ड्रिलची कडा खरखरीत ठेवू नका. चपट्या डोक्याचे स्क्रू, खाली मोठा वॉशर आणि रबराची चकती. सगळे स्क्रू हाताला लागतील एवढेच आवळा, म्हणजे शीट मध्यापासून सगळीकडे सरकू शकेल. कोपऱ्याचा स्क्रू मध्यापासून साडेचारशे मिमीवर येतो, तिथे २५ अंशांना पाऊण मिमीच्या आत हालचाल, दीड मिमी मोकळीक पुरेल. थरथरीसाठी नायलॉनचा नट. पुसायला साबणाचं पाणी आणि सुती कापड.

बसवताना लॅपटॉप मागे ठेवूनच एकेक स्क्रू आवळा. वॉशरच्या बाहेर करड्याच्या पुढे रंग गेला की अर्धा फेरा मागे. आणि सेन्सरचं भोक नव्या शीटमध्येही पाडा, २० मिमीचंच. उन्हाळ्यात आणि पुढच्या थंडीत त्याच्या काठावरच्या फेऱ्या मोजता येतील. कडीच दिसली नाहीत तर शीट खरोखर मोकळी आहे, नुसती काळी नाही.

---

सुवर्णा_जुळे | शुक्रवार, रात्री १०:२०

जुनी शीट फेकू नका दादा. तडा गेलेला कोपरा कापून दिलात तर वर्गाला हवा आहे. तड्याच्या टोकाशी पट्टे कसे गोळा होतात ते मुलांना दाखवायचंय.

---

अक्कलकोटरोड | शनिवार, सकाळी १०:०५

ताई, कोपरा देतो, कडा घासून. नवीन शीट सोमवारी येतेय. सायबांनी दोन गार्डना परवानगी दिलीय, शेजारच्या मशिनचंही असंच आहे. सर, मग दोन्हींना ९ ची भोकं करतो, पण दुसऱ्याला लॉकिंग लिक्विड आणि थिनर दोन्ही बंद करू, की एकालाच थिनर चालू ठेवून बघू?

---

भुईकोट | शनिवार, सकाळी १०:३२

गार्डवर प्रयोग नको, समोर माणूस काम करतो. दोन्हींना दोन्ही बंद. थिनर विरुद्ध लिक्विड बघायचं असेल तर जुन्या शीटच्या पट्ट्या कापा, तीन पट्ट्या सारख्याच वाकवून शिकंजात धरा, हिरव्या उजेडात काठावर तिन्हींना सारख्याच फेऱ्या आणा. मग एकीला थिनर, एकीला लिक्विड, एक कोरडी. वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या फुगीर बाजूलाच थेंब लावा, आतल्या बाजूला दाब असतो, तिथे काही होणार नाही. फेऱ्या आणि वेळ लिहून इथे टाका.